गोदामात साठ पेट्या, मागणी नव्वद पेट्यांची: कमी माल शाखांत वाटताना दर वेळी तेच का बिघडतं

तक्रार ओळखीची आहे. दिवाळीच्या तोंडावर एखादा माल कमी पडतो, गोदाम असेल तेवढा सगळ्या शाखांना वाटून टाकतं आणि चार दिवसांनी फोन सुरू होतात. औंधचा शेल्फ रिकामा, हडपसरचं गिऱ्हाईक परत जातंय आणि पिंपरीच्या मागच्या खोलीत त्याच मालाची थप्पी लागलेली. वाटप तर ‘सगळ्यांना समान टक्के’ या हिशोबानं झालेलं असतं, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या खेपेला औंधही दुप्पट मागणी टाकतं.

चूक टक्क्यांत नसते. टक्के ज्या आकड्यावर लावले, तो आकडाच चुकीचा असतो. हे एका उदाहरणावर शेवटपर्यंत करून पाहू.

किराणा दुकानांची पाच शाखांची साखळी, गोदाम वाघोलीला. माल चकली भाजणीचा, अर्ध्या किलोचं पाकीट, पेटीत २० पाकिटं. गोदामात वाटण्याजोग्या ६० पेट्या, म्हणजे १२०० पाकिटं. पुरवठादाराचा पुढचा लॉट ९ दिवसांनी येणार. शाखांचे आकडे पाकिटांत असे:

| शाखा | रोजची विक्री | हातातली शिल्लक | मागणी |
|---|---|---|---|
| कोथरूड | ५० | १४० | ४०० |
| सिंहगड रोड | ४० | ४० | ३२० |
| हडपसर | ३६ | २० | ३०० |
| पिंपरी | ३० | १८० | ६०० |
| औंध | २४ | ० | १८० |

मागणीची बेरीज १८००, माल १२००. म्हणून प्रत्येकाला मागणीच्या दोन तृतीयांश, असा नेहमीचा हिशोब. त्यानुसार पिंपरीला ४०० पाकिटं जातात आणि तिथली आधीची १८० धरून १९ दिवसांचा माल साठतो. औंधला १२० मिळतात, ती ५ दिवसांत संपतात. हडपसर आणि सिंहगड रोड सहा दिवसांनी कोरडे, कोथरूड आठ दिवसांनी. नववा दिवस उजाडेपर्यंत पाचपैकी चार शाखांत भाजणी नाही आणि पाचवीत दिवाळीनंतरही पुरेल इतकी.

आता तोच माल दुसऱ्या बाजूनं मोजा. पाचही शाखा मिळून रोज १८० पाकिटं विकतात. ९ दिवसांना १६२० लागतील. त्यातली ३८० शाखांच्या हातात आहेतच. म्हणजे गोदामाकडून खरी गरज १२४० पाकिटांची आणि गोदामात आहेत १२००. खरी टंचाई ४० पाकिटांची, दोन पेट्यांची! ६०० पाकिटांची जी ओरड चालली होती, ती जवळजवळ सगळी मागणीच्या कागदावरची होती.

मागणी का फुगते

पिंपरीची ६०० ही मागणी २० दिवसांच्या विक्रीइतकी आहे. तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं तर उत्तर सरळ येईल: “मागच्या खेपेला मागितल्याच्या निम्मं आलं, म्हणून या वेळी दुप्पट टाकलं.” यात लबाडी नाही. मागणीच्या प्रमाणात वाटायचं असा नियम असला की जास्त मागणाऱ्याला जास्त मिळतं, आणि हे प्रत्येक शाखेला दोन खेपांत कळतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे शाखेला वेगळं शिकवावं लागत नाही. १९९७ साली हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी पुरवठा साखळीत मागणीचे चढउतार मागे मागे वाढत का जातात याची चार कारणं मांडली, त्यातलं एक नेमकं हेच होतं: टंचाईतलं वाटप आणि त्यापोटी फुगवलेली मागणी.

शाखांना ताकीद देऊन, परिपत्रक काढून हे थांबत नाही. नियमच असा हवा की जास्त मागून काही पदरात पडू नये.

नियम: सगळ्यांना सारखे दिवस

वाटप मागणीवर नाही, दिवसांवर करायचं. हातातला माल आणि मिळणारा माल मिळून प्रत्येक शाखेला सारखेच दिवस पुरला पाहिजे. मागणीचा आकडा फक्त वरची मर्यादा म्हणून वापरायचा: शाखेनं मागितल्यापेक्षा जास्त तिच्यावर लादायचं नाही, पण जास्त मागितलं म्हणून जास्त द्यायचंही नाही. पिंपरीनं ६०० मागितली काय आणि ३०० मागितली काय, तिला मिळणारा आकडा तोच राहतो.

एक्सेलमध्ये हे एका सूत्रात बसतं. B मध्ये रोजची विक्री, C मध्ये शिल्लक, D मध्ये मागणी, H1 मध्ये दिवस. E2 मध्ये लिहा आणि खाली ओढा:

```
=MAX(0,MIN(D2,$H$1*B2-C2))
```

E7 मध्ये E2 ते E6 ची बेरीज घ्या. मग `Data` मधल्या `What-If Analysis` खाली `Goal Seek` उघडा. `Set cell` मध्ये E7, `To value` मध्ये 1200, `By changing cell` मध्ये H1. H1 मध्ये सुरुवातीला 5 सारखा एखादा आकडा असू द्या. तिथे शून्य ठेवलं तर सगळ्या ओळी शून्य येतात आणि एक्सेल कुठे सरकायचं ते न कळून तिथेच अडकू शकतं. सूत्रात `ROUND` घालू नका, त्यानंही तो अडखळतो. पेट्यांचं गोल करणं नंतर हातानं.

वरच्या आकड्यांवर H1 मध्ये ९ येतात. कोथरूड ३१०, सिंहगड रोड ३२०, हडपसर ३००, पिंपरी ९०, औंध १८०. बेरीज बरोबर १२००.

`MAX` आणि `MIN` सूत्राच्या आत असणं गरजेचं आहे. अनेक ठिकाणी हे हातानं करतात आणि तिथेच फसतात. समजा पिंपरीच्या हातात १८० ऐवजी ४०० पाकिटं आहेत आणि मागणीची मर्यादा कोणाच्याच आड येत नाही. एकूण माल गोदामातली १२०० अधिक शाखांच्या हातातली ६००, भागिले १८०, म्हणजे १० दिवस. पिंपरीचा आकडा उणे १०० येतो. कोणी तरी तो पुसून शून्य करतो आणि बाकीचे आकडे तसेच ठेवतो. वाटपाची बेरीज आता १३०० होते. गोदामात पाच पेट्या कमी पडतात आणि ज्या शाखेचा टेम्पो शेवटी भरला जातो, तिच्या वाट्याला नेमका तो खड्डा येतो. ज्या शाखेकडे आधीच पुरेसा माल आहे, ती शिल्लकेसकट हिशोबातून बाहेर काढायची आणि उरलेल्यांचे दिवस नव्यानं काढायचे. इथे ते ९.३ येतात. वरचं सूत्र हे आपोआप करतं.

औंधनं कमी मागितलं, मग?

औंधला १८० मिळाली, म्हणजे साडेसात दिवसांचा माल. बाकीच्यांना जवळपास ९ दिवसांचा. नियमाप्रमाणे हे बरोबर आहे, कारण औंधनं मागितलीच तेवढी. तरीही शिल्लक शून्य असलेली शाखा गरजेपेक्षा कमी मागते, तेव्हा आकडा पुढे पाठवण्याआधी एक फोन करावा. दोनच शक्यता असतात. एक तर जागा नसते, मग टेम्पो दोनदा पाठवता येईल का ते बघायचं. नाहीतर व्यवस्थापक जुन्या विक्रीवर अंदाज बांधत असतो, आणि दिवसांच्या हिशोबात ही शक्यता जास्त महागात पडते. तिच्याकडे खाली येऊच.

समजा फोनवर ठरलं आणि औंधची मागणी २२० झाली. पुन्हा `Goal Seek` चालवला की दिवस ८.७८ वर येतात आणि आता कोणाचीच मागणी आड येत नाही. पेट्यांत: कोथरूड १४.९, सिंहगड रोड १५.६, हडपसर १४.८, पिंपरी ४.२, औंध १०.५. दशांश टाकून पूर्ण पेट्या धरल्या तर ५७ होतात, तीन उरतात.

या तीन पेट्या सवयीनं मोठ्या शाखेला जातात. त्याऐवजी पूर्ण पेट्या दिल्यावर कोणाचे दिवस सर्वांत कमी उरतात ते बघा. हडपसर आणि औंध दोघांचे ८.३, त्यांना एकेक. त्यानंतर कोथरूड ८.४, तिसरी त्यांना. शेवटी कोथरूड १५, सिंहगड रोड १५, हडपसर १५, पिंपरी ४, औंध ११. सगळ्यात आधी संपणार सिंहगड रोडला, तेही साडेआठ दिवसांनी. लॉट नवव्या दिवशी. एका टोकाला पाच दिवस आणि दुसऱ्या टोकाला एकोणीस, असं जिथे होणार होतं, तिथे आता सगळे साडेआठ ते सव्वानऊ दिवसांत आले.

पेटी फोडून सुटी पाकिटं पाठवण्याचा मोह आवरा. माल दोन दिवसांनाही पुरत नसेल, तेव्हाच फोडा. एरवी सुट्या पाकिटांच्या मोजणीतच पुढच्या खेपेचा शिल्लकेचा घोळ जन्माला येतो.

रोजची विक्री: सगळ्यात जास्त चुका इथे

नियम बरोबर आणि तरी एक शाखा दर वेळी आधी कोरडी पडते, असं दिसलं तर विक्रीचा आकडा तपासा. औंधचा गेल्या १४ दिवसांचा खप २१६ पाकिटं. सॉफ्टवेअर १४ नं भागतं आणि रोजची विक्री १५.४ दाखवतं. पण त्या १४ पैकी ५ दिवस औंधला भाजणी नव्हतीच. माल होता त्या ९ दिवसांत २१६ गेली, म्हणजे रोजची २४. १५.४ धरून वाटप केलं तर औंधला सातच पेट्या जातात, त्या सहा दिवसही पुरत नाहीत. मग शेल्फ पुन्हा रिकामा, खप पुन्हा कमी, पुढचं वाटप आणखी कमी. कागदावर दिसतं की औंधला हा माल चालत नाही. हे चक्र वर्षभर चालू राहू शकतं आणि अहवालात कुठेच लाल रंग दिसत नाही, कारण रिकाम्या शेल्फची विक्री शून्य असते, तक्रार नव्हे.

म्हणून भागाकारात माल हजर होता तेवढेच दिवस घ्या. ज्या दिवशी दुपारीच माल संपला, तो दिवस सरळ वगळा. अर्धा दिवस धरण्याचं गणित बरोबर बसत नाही, कारण भाजणीची गर्दी संध्याकाळची. याउलट एखाद्या दिवशी कुठल्या सोसायटीनं किंवा कार्यालयानं एकदम दीडशे पाकिटं उचलली असतील तर ते बिल काढून टाका. तो रोजचा खप नव्हे. आणि औंध कोरडं होतं त्या दिवसांत तिथलं गिऱ्हाईक शेजारच्या शाखेकडे गेलं असेल, तर त्या शाखेचा खप तेवढा फुगलेला असतो. त्या शाखेचेही तेच दिवस वगळणं सोपं पडतं.

भाजणी, उटणं, पणत्या अशा मालाला आणखी एक बंधन लागतं. फराळ दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात होतो. वसुबारस उलटली की खप पडतो आणि उरलेली भाजणी तशीच पडून राहते. तेव्हा H1 चा आकडा त्या दिवसापर्यंतच्या दिवसांपेक्षा जास्त येत असेल, तर तिथेच थांबा आणि उरलेला माल गोदामातच ठेवा.

शिल्लक खरी आहे का

शिल्लकेच्या आकड्यात दोन प्रकारचं खोटं असतं. पहिलं, संगणकात आहे पण शेल्फवर नाही. हे घरबसल्या ओळखता येतं: रोज ४० विकणाऱ्या शाखेत शिल्लक ४० दिसते आणि दोन दिवस एकही बिल नाही, तर ती ४० पाकिटं नाहीत, किंवा आहेत पण फाटलेली, मागे कोपऱ्यात. अशा शाखेला वाटपाच्या आदल्या संध्याकाळी फक्त त्या एका मालाची मोजणी करायला लावा. सगळ्या दुकानाची मोजणी मागितली तर कोणी करणार नाही.

दुसरं, रस्त्यातला माल. गोदामानं चलन करून माल पाठवला, शाखेनं इनवर्ड एंट्री अजून केली नाही. तो माल गोदामातून वजा झालेला असतो आणि शाखेत जमा झालेला नसतो. शाखेची शिल्लक कमी दिसते आणि तिला दुबार माल जातो. काही शाखा इनवर्ड एंट्री मुद्दाम लांबवतात, कारण त्यांना हे कळलेलं असतं. मागणी फुगवण्याचा रस्ता बंद झाला की हाच दुसरा रस्ता उघडतो, म्हणून शिल्लक मोजताना चलन झालेला माल शाखेचाच धरायचा, एंट्री असो वा नसो.

गोदामाच्या बाजूलाही हेच पाहावं लागतं. पडद्यावर ६६ पेट्या दिसतात, त्यातल्या तीन फुटलेल्या, तीन कालच्या टेम्पोसाठी काढून ठेवलेल्या पण बिल न झालेल्या. वाटण्याजोग्या ६०. हा आकडा गोदामातल्या माणसानं थप्पी मोजून सांगावा, पडद्यावरून नव्हे.

आधी आला त्याला मिळालं

हे सगळं करूनही बिघडतं ते एका साध्या कारणानं. अनेक सॉफ्टवेअर मागणी येईल तसा माल राखून ठेवतात. सकाळी नऊला ऑर्डर टाकणाऱ्या शाखेचा माल पूर्ण बाजूला निघतो, अकराला टाकणाऱ्याला शून्य. ज्याच्या हाती ससा तो पारधी. वाटपाचा तक्ता बनेपर्यंत निम्मा माल आधीच अडकलेला असतो. टंचाईतल्या मालावर आपोआप राखीव होणं बंद करा, सगळ्या मागण्यांना एकच वेळ ठेवा, उदाहरणार्थ संध्याकाळी सहा, आणि त्यानंतर एकदाच वाटप चालवा. एसएपीच्या डिप्लॉयमेंटमध्ये या कामासाठी तयार नियम आहेत, पण तिथला A हा मागणीच्या प्रमाणात वाटणारा आहे. तो निवडलेला असेल तर वर सांगितलेला सगळा घोळ यंत्र प्रामाणिकपणे करत राहतं. लक्ष्य साठ्याच्या प्रमाणात वाटणारा B आपल्या दिवसांच्या हिशोबाच्या जवळचा आहे, अर्थात लक्ष्य साठा खऱ्या विक्रीवर ठरवला असेल तरच.

न भागलेली मागणी रद्द करायला विसरू नका. पिंपरीनं ६०० मागितली, ८० मिळाली, ५२० ‘बाकी’ म्हणून सिस्टीममध्ये राहिली. पुढच्या खेपेला ती नवीन मागणीत मिळते. लॉट आल्या दिवशी, वाटप होण्याआधीच, ती आपोआप माल ओढून घेते.

सगळं एकदम पाठवायचं का

६० पेट्यांचं वाटप ठरलं म्हणजे ६० पेट्या आजच निघाल्या पाहिजेत असं नाही. गोदामातली पेटी कुठेही जाऊ शकते. शाखेत पोचलेली पेटी पिंपरीहून औंधला आणायची म्हटलं की फोन, चलन, टेम्पो आणि दोन व्यवस्थापकांचा रुसवा, एवढं सगळं लागतं. रोजच्या विक्रीचा अंदाज चुकणारच आहे, तेव्हा चूक सुधारायला माल हातात ठेवा. टेम्पो एक दिवसाआड जात असेल तर पहिल्या खेपेत सगळ्यांना फक्त ५ दिवसांपर्यंत आणा: कोथरूडला ६ पेट्या, सिंहगड रोड आणि हडपसरला ८-८, औंधला ६, पिंपरीला काहीच नाही, कारण त्यांच्याकडे सहा दिवसांचा माल आहे. २८ पेट्या गेल्या, ३२ गोदामात. तिसऱ्या दिवशी नव्या शिल्लकेवर तोच तक्ता पुन्हा चालवा. या दोन दिवसांत औंध रोज ३० विकतंय असं दिसलं, तर हिशोब तिथेच दुरुस्त होतो.

पिंपरीला पहिल्या खेपेत शून्य गेल्यावर फोन येणारच. तेव्हा सगळ्या शाखांना तक्ता पूर्ण दाखवा: प्रत्येकाची विक्री, शिल्लक आणि दिवस. शेजारच्या शाखेच्या हातात किती आहे ते दिसलं की वाद बराच आवरतो. त्यातून विक्रीच्या आकड्यावर हरकत आली, तर ती मात्र ऐकून घ्या. शाखेला जे ठाऊक असतं ते गोदामाला नसतं, उदाहरणार्थ समोरचं दुकान बंद पडलंय किंवा जवळचा रस्ता खोदलाय. हरकत रोजच्या विक्रीच्या आकड्यावर हवी, ‘आम्हाला आणखी द्या’ यावर नको.

लॉट आला की प्रत्येक शाखेत माल कोणत्या दिवशी संपला ते लिहून ठेवा. सगळ्या शाखा एकमेकींच्या एका दिवसाच्या आत संपल्या असतील तर आकडे बरोबर होते. एकच शाखा दोनदा लागोपाठ दोन-तीन दिवस आधी संपली असेल, तर तिचा खप कमी धरला जातोय किंवा तिची शिल्लक संगणकात आहे तेवढी नाही. आधी शिल्लक मोजा, मग खप.